घाट चढताना कान आपोआप मोकळे होतात, मग उतरताना का अडतात?

वळणवाट
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला प्रश्न आहे. आमच्या नेहमीच्या घाटाचा माथा १३०० मीटरवर आणि पायथा ६०० मीटरवर. गाडीने चढताना मध्येच कानात 'टक' होतं, थोड्या वेळाने परत एकदा होतं, आणि मी काही न करता सगळं सुरळीत. उतरताना मात्र अर्ध्या घाटातच कान बसतात, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात, आणि कधीकधी घरी पोचल्यावरही तास-दीड तास तसंच. शेजारी बसलेल्या नवऱ्याला यातलं काहीच होत नाही. मागच्या सीटवर झोपलेला मुलगा नेमका शेवटच्या वळणांवर कान धरून रडत उठतो.

उंच इमारतीच्या वेगवान लिफ्टमध्येही वर जाताना चालून जातं, खाली येताना त्रास. उंची तीच, हवा तीच. मग चढण्या-उतरण्यात फरक का पडावा? 'हवेचा दाब बदलतो' एवढं उत्तर मला ठाऊक आहे, पण ते दोन्ही दिशांना सारखंच लागू होतं ना?

चिंटूचा_काका
सोपं आहे ताई. वर हवा विरळ, ऑक्सिजन कमी. शरीराला सवय नसते म्हणून कान बधिर होतात. माथ्यावर दहा मिनिटं थांबून दीर्घ श्वास घेतले की बरं वाटतं.

गप्पू
पण काका, त्रास उतरताना होतोय. उतरताना तर ऑक्सिजन वाढत जातो.

सुमती_आजी
मुली, कानात मळ साठला असेल. माझ्याही उजव्या कानात हल्ली सारखा 'सूं' आवाज येतो, रात्री जास्त. तू डॉक्टरांकडून कान साफ करून घे. घरी काडी घालू नकोस.

श्रवणी
मी कान-नाक-घशाच्या दवाखान्यात काम करते. घाट आणि विमान उतरून आलेली माणसं रोजच बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आजी, मळ पडद्याच्या बाहेरच्या बाजूला असतो आणि वळणवाट यांचा घोटाळा पडद्याच्या आतल्या बाजूला आहे. मळाने कान बसला तर तो चढताना-उतरताना असा भेद करणार नाही. तुमचा 'सूं' आवाज वेगळी गोष्ट आहे. तो एकाच कानात आहे, त्यामुळे ऐकण्याची चाचणी एकदा जरूर करून घ्या, टाळू नका.

काका, दाब कमी होतो हे तुमचं बरोबर, पण इथे ऑक्सिजनचा संबंध नाही. नुसता नायट्रोजन असता तरी कान असेच बसले असते.

आता मूळ प्रश्न. पडद्यामागे हाडात एक छोटी पोकळी आहे आणि तिच्यात हवा आहे. त्या हवेला बाहेर पडायला एकच वाट, ती म्हणजे तिथून नाकाच्या मागच्या बाजूला, घशाच्या वरच्या भागात उघडणारी साडेतीन सेंटिमीटरची नळी. सोळाव्या शतकातल्या युस्ताकी नावाच्या शरीरशास्त्रज्ञावरून तिला युस्टेशियन नळी म्हणतात. कानाकडचा साधारण एक तृतीयांश भाग हाडाचा, तो उघडाच असतो. उरलेला नाकाकडचा भाग कूर्चेचा आणि मऊ अस्तराचा, आणि तो एरवी मिटलेला असतो. सगळी गंमत या मिटलेल्या भागात आहे.

ओल्या प्लास्टिकच्या पिशवीचं तोंड चिकटलेलं डोळ्यासमोर आणा. आतली हवा दाबली तर ती तोंड ढकलून फुस्सकन बाहेर पडते. तेच आतून हवा ओढायला गेलात तर तोंड आणखी घट्ट चिकटतं. घाट चढताना बाहेरचा दाब कमी होतो, आतली हवा जास्त दाबाची ठरते आणि नळीला आतून ढकलून स्वतःच निसटते. तुम्ही ऐकता तो 'टक' म्हणजे त्या ओल्या भिंती सुटल्याचा आवाज. उतरताना उलट होतं. आतला दाब कमी, बाहेरचा जास्त. बाहेरची हवा नळीचा मऊ भाग उघडत नाही, उलट तो दाबून धरते. तेव्हा नळी उघडायला स्नायूच लागतो. गिळताना किंवा जांभई देताना टाळू ताणणारा स्नायू नळीची भिंत ओढतो, ती अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ उघडते, तेवढ्यात हवा आत जाते आणि पुन्हा मिटते.

म्हणजे चढणं फुकटात होतं. उतरणीला प्रत्येक वेळी स्नायूला कामाला लावावं लागतं.

वळणवाट
हे पहिल्यांदा नीट कळलं! मग वर जाताना नेमकं किती चढल्यावर 'टक' होतं, याचा काही अंदाज?

श्रवणी
नळी निरोगी असेल आणि तुम्ही मध्ये गिळलं नाहीत, तर आत साधारण २० हेक्टोपास्कलचा जादा दाब साठला की ती स्वतः उघडते. उंचीच्या हिशेबात दीडशे ते दोनशे मीटर. मग बहुतेक दाब निघून जातो, थोडा उरतो, नळी मिटते, आणि पुढचा तेवढाच टप्पा चढला की पुन्हा 'टक'. कान भरल्यासारखा वाटायला मात्र इतका फरक लागत नाही, पाचेक हेक्टोपास्कलपासूनच जाणवू लागतं.

हवामापी
माझ्या आवडीचा विषय निघाला. बऱ्याच फोनमध्ये दाबमापक असतो आणि त्याचे आकडे दाखवणारी अ‍ॅप फुकट मिळतात. मी घाटात आणि लिफ्टमध्ये ते चालू ठेवून बसतो.

वळणवाट यांच्या घाटाचं गणित मांडून बघू. १३०० मीटरवर हवेचा दाब साधारण ८६६ हेक्टोपास्कल, ६०० मीटरवर ९४३. रोजच्या हवामानाने थोडं इकडे-तिकडे होईल, पण फरक ७७ च्या आसपासच राहतो. समजा माथ्यावर असताना तुमच्या पडद्यामागे ८६६ ची हवा कोंडली गेली आणि खाली येईपर्यंत नळी एकदाही उघडली नाही. मग पायथ्याशी पडद्याच्या बाहेर ९४३, आत जवळपास ८६६. कानाच्या पडद्याचं कामाचं क्षेत्रफळ ५५ चौरस मिलिमीटर धरलं तर त्यावर बाहेरून पडणारा भार सुमारे ४० ग्रॅम वजनाइतका होतो. आणि हा पडदा जाडीला एक दशांश मिलिमीटरच्या आसपास! तो आत ओढला जाऊन ताणला जातो, म्हणून दुखतं आणि आवाज दबके येतात.

लिफ्टमध्ये एका मजल्यामागे साधारण ०.३५ हेक्टोपास्कलचा फरक दिसतो. म्हणजे चाळीस मजल्यांना १४. श्रवणीताईंनी सांगितलेला २० चा आकडा त्यात गाठलाच जात नाही. त्यामुळे चाळीस मजले चढल्यावर कान भरल्यासारखे वाटतील, पण 'टक' होईलच असं नाही.

ध्रुव७
मग घाटात ७७ आणि लिफ्टमध्ये १४, तरी लिफ्टमध्ये कान इतके चटकन का बसतात? मला तर घाटापेक्षा लिफ्टचाच जास्त त्रास होतो.

लिफ्टवाला_भाऊ
याचं उत्तर मी देतो, लिफ्टच्या देखभालीत बरीच वर्षं घालवली आहेत.

साध्या रहिवासी इमारतीची लिफ्ट सेकंदाला एक ते अडीच मीटर जाते. तिच्यात कानाला बहुधा काही कळत नाही, कारण तेवढ्यात माणूस एकदा तरी गिळतो. गगनचुंबी इमारतींचं प्रकरण वेगळं. तैपेई १०१ मधली निरीक्षण मजल्याची लिफ्ट पाचव्या मजल्यावरून ८९ व्या मजल्यावर ३७ सेकंदांत नेते. वर जाताना तिचा कमाल वेग मिनिटाला १०१० मीटर, आणि खाली येताना ६०० मीटर. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. शांघाय टॉवरची लिफ्ट तर वर मिनिटाला १२३० मीटर जाते. यंत्राला खालीही त्याच वेगाने आणता येईल, प्रवाशांच्या कानांना ते झेपणार नाही. अतिवेगवान लिफ्टच्या उतरण्याच्या वेगाला मोटर किंवा दोर अडवत नाहीत, माणसाचा कान अडवतो, असं आमच्यात म्हणतात ते यामुळेच.

मिनिटाला ६०० मीटर म्हणजे सेकंदाला १०. सेकंदाला सव्वा हेक्टोपास्कलच्या जरा खाली दाब वाढतो. चार-पाच सेकंदांत कान भरतो आणि तुम्ही अजून निम्म्या वाटेवरही नसता.

हवामापी
भाऊंच्या आकड्यांना घाट जोडून बघा. वळणवाट यांचा ७०० मीटरचा घाट अर्ध्या तासात उतरला तर सेकंदाला ४० सेंटिमीटरही उंची कमी होत नाही. लिफ्ट त्याच्या पंचवीसपट वेगाने खाली येते. ध्रुव, फरक इथे आहे. घाटात एकूण दाब जास्त बदलतो पण गिळायला वेळ भरपूर मिळतो. लिफ्टमध्ये एकूण बदल कमी, पण वेळच मिळत नाही.

वेळेचं महत्त्व हवामानातही दिसतं. मोठ्या चक्रीवादळात दाब ५० हेक्टोपास्कलने पडू शकतो, पण त्याला तास न् तास लागतात. तेवढ्यात आपण शेकडो वेळा गिळतो, कानाला पत्ताही लागत नाही.

गप्पू
आणि त्या वादळात कानाकडे लक्ष द्यायला वेळ कुणाला असतो!

चिंटूचा_काका
मी ऐकलंय की हल्लीच्या लिफ्टमध्ये हवा भरून दाब कायम ठेवतात, विमानासारखा. मग भाऊ, प्रश्नच मिटला की.

लिफ्टवाला_भाऊ
काका, दाबाची यंत्रणा असते हे खरं, तैपेई १०१ मध्ये ती आहे. पण दाब कायम ठेवून चालणार नाही. खाली दार उघडलं की आत-बाहेर एकच दाब व्हायला हवा. वरचा दाब तसाच कोंडून खाली आणला तर दार उघडताच सगळा फरक एका क्षणात कानावर आदळेल.

यंत्रणा फक्त बदलाची चाल सुधारते. लिफ्ट निघताना हळू, मध्ये सुसाट, थांबताना पुन्हा हळू. त्यामुळे दाबही मधल्या काही सेकंदांत झपाट्याने बदलतो. पंखे केबिनमध्ये हवा भरून किंवा काढून तोच बदल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा पसरवतात. त्यासाठी केबिनही बरीच हवाबंद करावी लागते. एकूण बेरीज तीच राहते. याने कुणाला किती आराम पडतो हे माणसागणिक बदलतं. मी उतरणाऱ्यांना विचारलं की निम्मे 'छान' म्हणतात, निम्मे कान चोळत बाहेर येतात.

रात्रपाळी
मी घाटात प्रवासी गाडी चालवतो. आमच्यातले बरेच जण म्हणतात की काचा उघड्या ठेवल्या की कान बसत नाहीत. एसी लावून काचा बंद केल्या की बसतात. प्रवासीही तेच सांगतात.

हवामापी
रात्रपाळी भाऊ, मी हे फोनवर तपासलंय. काचा बंद असोत की उघड्या, घाटात आकडा सारख्याच चालीने सरकतो. गाडी हवाबंद नसते, दारांच्या फटीतून आणि एसीच्या मार्गातून हवा सतत ये-जा करते. सगळ्या काचा बंद असताना दार धाडकन लावलं तर क्षणभर दाब वाढलेला दिसतो, पण लगेच उतरतो.

रात्रपाळी
असेल. पण माझा अनुभव आहे की गार हवा तोंडावर आली की जांभया कमी येतात आणि प्रवासी जागे राहतात. कदाचित जागे राहिल्याने फरक पडत असेल?

श्रवणी
शेवटचं वाक्य लाखमोलाचं आहे. जागेपणी आपण साधारण मिनिटाला एकदा नकळत गिळतो. झोपेत लाळ कमी होते आणि गिळणं फार कमी होतं. वळणवाट, तुमचा मुलगा शेवटच्या वळणांवरच रडत का उठतो ते यात आलं. माथ्यावर झोपला, खाली येईपर्यंत फारसं गिळलं नाही, आणि ७७ हेक्टोपास्कलचा बराचसा भाग त्याच्या पडद्यावर साठला. त्यात लहान मुलांची नळी मोठ्यांपेक्षा आखूड आणि बरीचशी आडवी असते, स्नायूची पकडही कमी. नाकामागच्या गाठी वाढलेल्या असल्या तर नळीचं तोंडच अडतं.

उतरण सुरू होण्याआधी त्याला उठवा आणि घोट-घोट पाणी पाजत राहा. एकदम ग्लासभर नको, थोडं थोडं, सगळ्या घाटभर.

बाळाची_आई
आमची सात महिन्यांची आहे. तिला कसं सांगणार गिळ म्हणून? आम्ही तर घाटात ती झोपली की सुटकेचा निःश्वास टाकतो.

श्रवणी
उतरताना गाडी सुरक्षित जागी थांबवून अंगावर पाजा. चालत्या गाडीत तिला सीटमधून काढू नका. एरवी चोखणी चालेल. सर्दी असेल आणि घाट टाळता येण्यासारखा असेल तर टाळा. रडू लागली तर घाबरू नका, रडतानाही बाळं गिळतात आणि पुष्कळदा त्यानेच कान सुटतो.

डुबकी
मी पाण्याखाली जाणारा माणूस. आमच्याकडे हाच खेळ शंभर पटीने तीव्र असतो. दहा मीटर पाणी म्हणजे एक अख्खं वातावरण, हजार हेक्टोपास्कलच्या आसपास. वळणवाट यांचा अख्खा घाट आम्ही पहिल्या ८० सेंटिमीटरमध्ये उतरतो! म्हणून पहिला धडा असा की दुखायची वाट बघायची नाही. कान भरायच्या आधीच, अगदी डोकं पाण्यात जाताच कान उघडायला सुरुवात करायची. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकायचं. घाटातही तेच करा, दर दोन-तीन वळणांना.

ध्रुव७
आमच्या घरी नाक धरून फुंकू नका म्हणतात, पडदा फाटतो. खरं काय?

श्रवणी
ही युक्ती वाल्साल्व्हा नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. १७०४ च्या आपल्या कानावरच्या ग्रंथात त्याने ती सांगितली, आणि त्याचा हेतू कानातला पू बाहेर ढकलण्याचा होता. म्हणजे घाटासाठी ती जन्मली नव्हती.

हलकेच आणि वेळेवर केली तर धोका फार नाही. धोका उशिरा आणि जोरात करण्यात आहे. आत-बाहेरचा फरक १२० हेक्टोपास्कलच्या घरात गेला, म्हणजे हजार-अकराशे मीटर एकदाही न गिळता उतरलात, तर निरोगी नळीही अशी दाबली जाते की स्नायू तिला उघडू शकत नाही. सर्दीत अस्तर सुजलेलं असतं, तेव्हा यापेक्षा बऱ्याच कमी फरकाला नळी अडते. अशी कुलूप लागलेली नळी फुंकून उघडायला गेलं की माणूस चेहरा लाल होईपर्यंत जोर लावतो. तो जोर डोक्यातल्या दाबावर जातो, तिथून आतल्या कानातल्या द्रवावर, आणि तिथला नाजूक पडदा फाटण्याचा संभव असतो. बाहेरचा फाटलेला पडदा पुष्कळदा आपला आपण भरतो, आतल्या कानाची इजा तशी भरत नाही. शिवाय सर्दीत नाकातला शेंबूड जंतूंसकट कानात ढकलला जातो.

मी घाटासाठी दुसरी रीत सुचवते. नाक चिमटीत धरा आणि फुंकण्याऐवजी गिळा. यात नळी स्नायू उघडतो, फुंकरीने धक्का बसत नाही.

डुबकी
ताई, आदर आहे, पण नाक धरून गिळणं पुष्कळांना जमत नाही. तोंड कोरडं पडतं, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी घोटच उतरत नाही. हलकी फुंकर नवख्यालाही जमते. आमच्याकडे सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि नीट शिकवलं तर इजा होत नाही.

श्रवणी
नीट शिकवलं तर, हे मान्य. माझ्याकडे मात्र न शिकवलेलेच येतात. यावर आपलं एकमत होईल असं वाटत नाही, आणि दवाखान्यांमध्येही ते झालेलं नाही.

डुबकी
एका गोष्टीवर नक्की होईल. कान अडलाच तर जोर न लावता वर या. आम्ही मीटर-दीड मीटर वर येतो, फरक कमी होतो, नळी सैल पडते, मग कान उघडून परत खाली. घाटातही हे करता येईल ना?

श्रवणी
शंभर टक्के. कान फार दुखायला लागला तर पुढच्या रुंद जागेला गाडी थांबवा, आणखी खाली जाऊ नका. तिथे बसून पाणी प्या, जबडा पुढे-मागे हलवा, जांभया द्या. नाहीच सुटला आणि रस्ता परवानगी देत असेल तर गाडी वळवून शे-दोनशे मीटर उंची परत चढा. पुष्कळदा कान तिथे सुटतो. मग हळूहळू उतरा. लिफ्टमध्ये तर आणखी सोपं, वरच्या मजल्याचं बटण दाबून परत जा आणि टप्प्याटप्प्याने खाली या.

वळणवाट
हे कधी सुचलंच नव्हतं. पण माझे दोन प्रश्न अजून उरलेत. नवऱ्याला काहीच का होत नाही? आणि खाली पोचल्यावर दाब तर स्थिर झाला, मग माझा कान तास-दीड तास बसलेला का राहतो?

श्रवणी
आधी दुसरा. नळी अडलेली असेपर्यंत पडद्यामागे कमी दाब तसाच राहतो, तुम्ही पायथ्याशी असलात तरी. त्या कमी दाबाने आतलं अस्तर शोषलं गेल्यासारखं सुजतं आणि त्यातून पातळ द्रव पाझरतो. त्यामुळे नळी नंतर उघडली तरी आत थोडं पाणी असतं आणि भरल्यासारखं वाटत राहतं. मान हलवल्यावर कुणाला 'गुडगुड'ही ऐकू येते. साधारण असा कान काही तासांत पूर्वपदावर येतो, सर्दी असेल तर काही दिवस लागतात. मात्र कानातून रक्त आलं, गरगरायला लागलं, किंवा एका कानाचं ऐकू येणं एकदम गेलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पहिला प्रश्न अवघड आहे. माणसामाणसाच्या नळीत फरक असतो. काहींची नळी नुसत्या बोलण्याने, जबडा हलवण्यानेही उघडते. एकाच माणसाच्या दोन कानांतही फरक असतो, आधी डावा सुटतो मग उजवा. कोणाची नळी कशी वागेल हे कान तपासून आधी खात्रीने सांगता येत नाही.

सोनसळी
माझी गंमत उलटी आहे. माझी नळी उघडीच राहते असं डॉक्टर म्हणाले. घाटात, लिफ्टमध्ये मला काही त्रास होत नाही, पण स्वतःचा आवाज आणि श्वास कानात घुमतो, विशेषतः वजन उतरल्यापासून. आडवी पडले की थांबतो.

श्रवणी
सोनसळी, हे बरोबर ओळखलेलं दिसतंय. नळीभोवतालची चरबी कमी झाली की ती नीट मिटत नाही. आडवं पडल्यावर तिथल्या शिरा भरतात आणि ती मिटते. बंद नळीवर देतात ती औषधं तुम्ही स्वतःहून घेऊ नका.

चिंटूचा_काका
औषधावरून आठवलं. सर्दीत घाट उतरायचाच असेल तर नाकात ते थेंब घातले तर?

श्रवणी
मोठ्यांना चालतात, काका. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब उतरायच्या अर्धा तास आधी. फायदा सगळ्यांना होतोच असं नाही, कारण थेंब नाकातली सूज उतरवतात, नळीच्या तोंडापर्यंत किती पोचतील ते सांगता येत नाही. तीन-चार दिवसांपेक्षा जास्त घालू नका, मग नाक त्यांच्याशिवाय उघडेनासं होतं. रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. लहान मुलांना स्वतःच्या मनाने नको.

चिंटूचा_काका
ठीक. पण वर हवा विरळ असते हे तर खरंच ना?

हवामापी
खरंच काका. १३०० मीटरवर समुद्रसपाटीपेक्षा साधारण १५ टक्के कमी दाब. दम लागायला ते कामी येईल, कानाला मात्र बदल लागतो. माथ्यावर महिनाभर राहिलात तरी कान बसणार नाहीत.

वळणवाट
काल घाट उतरून आलो, म्हणून लिहिते. माथ्यावरच मुलाला उठवलं आणि नळीची बाटली हातात दिली. मी दाबमापकाचं अ‍ॅप लावून बसले आणि दर पाच हेक्टोपास्कलला सगळ्यांनी एक घोट असं ठरवलं. मुलगाच आकडे वाचत होता, ८७१, ८७६ असे. तो रडला नाही. माझा डावा कान शेवटपर्यंत मोकळा राहिला. उजवा ९२० च्या आसपास अडला, तेव्हा थांबून जबडा हलवला, नाक धरून गिळलं, दुसऱ्या प्रयत्नात सुटला. नवरा वाटेत गाणी म्हणत होता. त्याची नळी बहुतेक त्यानेच उघडत असावी.

डुबकी
दर पाचला घोट, हे उत्तम. उजवा नेहमीच मागे राहतो का?

वळणवाट
हो, नेहमी उजवाच. लिफ्टमध्येही.

श्रवणी
मग सर्दी नसताना एकदा नाक आणि उजवा कान दाखवून घ्या. नाकाचा मधला पडदा त्या बाजूला वाकलेला असेल, किंवा काहीही नसेल. पडद्यामागचा दाब मोजायची चाचणी दोन मिनिटांत होते आणि दुखत नाही.

सुमती_आजी
मीही वेळ घेतली आहे, मंगळवारची. माझ्या 'सूं' आवाजासाठी.